ग्राहकचित्र: ‘मेधाताई’ (योग क्लास, कोथरूड शाखा, सकाळची बॅच)

फलक, पत्रक किंवा व्हॉट्सॲपवर जाणारी प्रत्येक ओळ आधी मेधाताईंच्या कानांनी वाचायची. त्या खऱ्या नाहीत, पण त्यांची प्रत्येक सवय नोंदवहीतून आलेली आहे.

आधार: फॉर्मची ४१ उत्तरं, दोन आठवडे दाराशी बसून घेतलेल्या नोंदी आणि क्लास सोडलेल्या ९ जणींना केलेले फोन. फोन मागाहून केले, कारण फॉर्म टिकून राहिलेल्यांनीच भरला होता. नव्या माणसाची धास्ती त्यांना कुठून आठवणार?

फॉर्म आणि दार यांचं जुळलं नाही. ‘का येता?’ या प्रश्नाला २६ जणांनी ‘वजन कमी करणे’वर खूण केली. तो पर्याय यादीत पहिला होता, चूक आपली. पुढच्या वेळी पर्याय न देता मोकळी ओळ ठेवायची. चौकशीला आलेल्या १९ जणांपैकी १३ जणांचा पहिला प्रश्न होता, “गुडघा दुखतो, खाली बसता येत नाही, चालेल का?” फीचा विषय त्यानंतर.

मेधाताई, वय ५२, बँकेत नोकरी. पावणेसातच्या बॅचला पाच मिनिटं उशिरा, कारण डबा. जागा मागची, भिंतीलगत. बोलण्यात ‘अंग आखडलंय’, ‘पाठ धरते’. ‘लवचिकता’ हा शब्द नोंदींत एकदाही नाही. दुखण्यापेक्षा त्यांना लोक बघतील याची भीती जास्त. सोडलेल्या ९ पैकी ६ जणी पहिल्या तीन आठवड्यांतच गेल्या: “सगळ्यांना जमत होतं, मलाच नाही.”

म्हणून ‘परिवर्तनाचा प्रवास’ फलकावरून उतरवा. नवा मजकूर:

‘खाली बसता येत नाही? खुर्चीवर सुरू करू.
एका बॅचला दहाच जण. खुर्ची, पट्टा, उशी इथेच मिळेल.’

अय्यंगार परंपरेमुळे पुण्यात खुर्ची-पट्ट्याचं नवल नाही. तरी ‘खुर्ची म्हणजे म्हाताऱ्यांचा क्लास’ असं दोघी फोनवर म्हणाल्याच. फोटोत पन्नाशीची बाई खुर्चीला हात टेकून त्रिकोणासनात उभी हवी, नुसती बसलेली नको. शीर्षासनाचा फोटो हटवाच.

चौकशीला जाणारं उत्तर:

‘नमस्कार ताई. गुडघा दुखत असला तरी येता येईल. मांडी घालायची सक्ती नाही. सूज असेल किंवा ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पहिल्या दिवशी दहा मिनिटं लवकर या, म्हणजे तुमच्यापुरते बदल सर दाखवतील. उशीर झाला तरी मागच्या दाराने या, कोणी थांबवणार नाही.’

‘गुडघेदुखी बरी होते’ असं कुठेही लिहायचं नाही. तसा दावा आपल्याला करता येत नाही, आणि न झाल्यास पहिली तक्रार याच ताईंची येईल.

फलक बदलल्यावर महिनाभर प्रत्येक चौकशीचा पहिला प्रश्न रजिस्टरात जसाच्या तसा लिहा. ‘चालेल का?’ऐवजी ‘कधीपासून येऊ?’ वाढलं तर मजकूर लागू पडला. संध्याकाळच्या बॅचला हे चित्र लावू नका. तिथली आयटीची मंडळी मान आणि झोपेबद्दल विचारतात, त्यांच्या नोंदी अजून घ्यायच्या आहेत.