तीनशेव्या ओळीपर्यंत गेलोच नाही

हंगाम सुरू झाला तेव्हा मी एक कोरी एक्सेल फाइल उघडली. तीनशे ओळी तरी भरतील असं वाटलं होतं, 212 भरल्या.

फुटबॉलच्या सामन्यांवर पैसे कुठे लावायचे याच्या टिप्स देणाऱ्या एकाचं चॅनेल ऑफिसात निम्म्या लोकांच्या फोनवर होतं. ‘68 टक्के अचूक’ असं वरच लिहिलेलं. मी क्रीडा पानावर फुटबॉल लिहितो, त्यामुळे संपादकांनी काम माझ्याच गळ्यात घातलं. पैसे लावायचे नाहीत. फक्त टिप आली की त्याच मिनिटाला स्क्रीनशॉट काढायचा, त्या क्षणी मिळणारा भाव लिहायचा, आणि शेजारच्या रकान्यात नाणं उडवून त्याचंही उत्तर लिहायचं. नाण्याची कल्पना माझी. संपादक हसले होते.

फेब्रुवारीत मात्र मीच डळमळलो. सलग सात टिप्स बरोबर आल्या. सातव्या रात्री नव्वदाव्या मिनिटाला हेडर आत गेला आणि मी प्रेस बॉक्समध्ये चक्क मूठ आवळली. बातमीदाराने तटस्थ राहायचं असतं म्हणे! आठव्या टिपला थोडे लावून पाहावेत, असं मनात आलं. फाइल वर सरकवली, तर ऑक्टोबरमध्ये नाण्याच्या रकान्यातही सलग सात बरोबर होते. तेव्हा मात्र मी मूठबीठ आवळली नव्हती. फोन खाली ठेवला.

हंगामाअखेरीचा हिशेब एका संध्याकाळीच झाला. 212 पैकी 108 बरोबर. नाण्याचे 107. तो प्रत्येक टिप 2.00 च्या भावाची म्हणून सांगायचा, म्हणजे एक लावून जिंकलं तर दोन परत. दर टिपला एक युनिट लावलं असं धरलं, तर त्या हिशेबाने चार युनिट फायदा. पण टिप वाचून बोट लावेपर्यंत भाव 1.90 झालेला असायचा. त्या भावात नुसतं बरोबरीत सुटायलाही शंभरात जवळपास 53 जिंकावे लागतात. म्हणजे पावणेसात युनिट तोटा, किंचित जास्तच.

मग 68 टक्के आले कुठून? चॅनेलवर आता 159 च टिप्स दिसत होत्या. हरलेल्या 53 गायब. माझ्याकडे सगळ्यांचे स्क्रीनशॉट होते. त्याला पाठवले, तर त्याने मला ब्लॉक केलं.

लेखाची प्रिंट आधी आमच्या फोटोग्राफरने वाचायला घेतली. तोही त्या चॅनेलवर होता, आणि तो पैसेही लावायचा, हे मला तेव्हा कळलं. 53 च्या आकड्यापाशी तो थांबला, ओळ पुन्हा वाचली.

“एवढ्या उडवल्या?”

“हो.”

कॅमेऱ्याचा पट्टा तो उगाच बोटाला गुंडाळत राहिला.

“मी मात्र वर्षभर समजत होतो,” तो म्हणाला, “की सगळे जिंकतायत आणि मीच नेमका चुकीच्या दिवशी लावतोय.”