संत्र्याच्या मशीनचं ते गोल-रेघांचं चित्र

मामा, नमस्कार.

ग्रेडिंग मशीनच्या माहितीपत्रकातल्या चित्राचा फोटो मिळाला. नुसते गोल, रेघा आणि वर "मानवी मेंदूप्रमाणे विचार करणारी यंत्रणा". ते वाक्य आधी बाजूला ठेवा, ते विकायसाठी आहे. मेंदूवरून कल्पना सुचली हे खरं, पण आत चालतात ते गुणाकार-बेरजा. कळमन्याच्या अडत्याला जमतो तेवढाच हिशोब, फक्त फार वेळा केलेला.

चित्र डावीकडून उजवीकडे वाचायचं. माल त्याच दिशेनं सरकतो.

डावीकडच्या रांगेत चार गोल आहेत. तो इनपुट लेयर. एका संत्र्याबद्दल मशीनला कळलेल्या चार गोष्टी इथे येतात: वजन, व्यास, सालीचा नारंगीपणा आणि डागांनी व्यापलेला भाग. वजन ग्रॅममध्ये, व्यास मिलिमीटरमध्ये, तर डाग टक्क्यांत; म्हणून आधी सगळं ० ते १ च्या मापात बसवतात. समजा एका फळाचे आकडे असे आले: वजन ०.६, व्यास ०.७, रंग ०.८, डाग ०.२. या चार गोलांत हिशोब काहीच होत नाही, आकडे नुसते मांडले जातात. मशीनसाठी ते संत्रं म्हणजे एवढेच चार आकडे. साल ढिली आहे का, वास कसा आहे, देठ कसा तोडलाय, हे त्यात नसेल तर मशीनला ते कधीच कळणार नाही.

मधल्या दोन रांगा, पाच गोलांची आणि तीन गोलांची, हे हिडन लेयर. यात लपवाछपवी नाही. डावीकडचे आकडे आपण देतो, उजवीकडचे आपण वाचतो. मधले आपण देतही नाही नि वाचतही नाही, म्हणून ते हिडन.

तुमचा खरा प्रश्न होता की या गोलात होतं काय. पहिल्या रांगेतला एकच गोल घेऊ. त्याच्याकडे डावीकडून चार रेघा येतात आणि प्रत्येक रेघेवर एक आकडा असतो. त्याला वेट म्हणतात. फळाच्या वजनाशी त्याचा संबंध नाही, त्या गोष्टीला किती भाव द्यायचा एवढंच तो सांगतो. समजा या गोलाचे वेट अनुक्रमे ०.५, ०.१, ०.९ आणि उणे २ आहेत. शिवाय गोलाचा स्वतःचा एक आकडा असतो, बायस. तो इथे उणे ०.३ धरू. आता हिशोब:

०.६×०.५ + ०.७×०.१ + ०.८×०.९ − ०.२×२ − ०.३ = ०.३९

बेरीज शून्याच्या वर आली, म्हणून ०.३९ तसाच पुढे जातो. आता तेच फळ घ्या, फक्त डाग ०.२ ऐवजी ०.७ करा. बेरीज येते उणे ०.६१. उणे आली की हा गोल शून्य पाठवतो, म्हणजे गप्प बसतो.

हे गप्प बसणं फालतू वाटेल, पण सगळी गंमत तिथेच आहे. गोल नुसते गुणाकार-बेरजाच करत राहिले असते, तर दहा रांगा लावूनही त्यांचं काम एका रांगेत उरकलं असतं. शून्यावर थांबण्यामुळे "रंग चांगला असेल, पण डाग जास्त असतील तर रंगाला विचारू नका" अशा अटी त्या आकड्यांत बसू शकतात. बाकी चार गोल हेच करतात, वेगळ्या वेटनी. दुसऱ्या रांगेतल्या तीन गोलांना फळाचे मूळ आकडे दिसतच नाहीत, पहिल्या रांगेनं पाठवलेले पाच आकडेच दिसतात.

कंपनीचा माणूस "हा गोल डाग बघतो, हा गोल आकार बघतो" असं बोट ठेवून सांगू लागला, तर फार मनावर घेऊ नका. कामं कोणी वाटून दिलेली नसतात. बहुतेकदा एकेका गोलात चार गोष्टींचं मिश्रण असतं आणि त्याला नाव देता येत नाही.

उजवीकडे आउटपुट लेयर: तीन गोल, पहिली प्रत, दुसरी प्रत आणि चुरी. शेवटच्या बेरजा अशा बसवतात की तिन्हींची मिळून १ होईल. उदाहरणार्थ ०.७१, ०.२२, ०.०७. सर्वांत मोठा आकडा पहिल्या प्रतीचा, म्हणून फळ त्या पट्ट्यावर. पण ०.४० आणि ०.३८ आले तरी मशीन मोठाच आकडा निवडेल आणि तोंडावरून काही कळू देणार नाही. अशी काठावरची फळं वेगळी काढून माणसाकडे देता येतात का, हे विचाराच.

आता चित्रात जे नाही ते. रेघा मोजल्या तर पहिल्या टप्प्यात २०, दुसऱ्यात १५, तिसऱ्यात ९, म्हणजे ४४. त्यात मधल्या आणि शेवटच्या ११ गोलांचे बायस मिळवा, झाले ५५ आकडे. हे ५५ आकडे म्हणजेच मशीनची अक्कल, आणि त्यातला एकही माहितीपत्रकात छापलेला नाही. तेच चित्र गाजराच्या मशीनलाही चाललं असतं.

ते आकडे कोणी हातानं भरत नाही. सुरुवातीला वाटेल ते आकडे असतात आणि मशीन वाटेल ते सांगतं. मग जाणत्या माणसानं प्रत ठरवलेली फळं त्याला दाखवतात. उत्तर चुकलं की चुकीत कोणत्या रेघेचा किती वाटा होता, हे उजवीकडून डावीकडे मागे येत काढतात आणि प्रत्येक आकडा किंचित सरकवतात. या रीतीला बॅकप्रोपगेशन म्हणतात. १९८६ सालच्या एका शोधनिबंधानंतर ती सर्वदूर पोचली. हजारो फळं, पुन्हा पुन्हा, तेव्हा कुठे आकडे स्थिरावतात.

आणि तुमच्या मशीनला कॅमेरा आहे म्हणे. थेट फोटो आत जात असेल, तर चार गोलांचं चित्र फक्त समजावण्यापुरतं. २०० बाय २०० ठिपक्यांचा रंगीत फोटो म्हणजे प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, एकूण १,२०,००० इनपुट. एवढे गोल कागदावर मावणार नाहीत. तिथे रांगांची मांडणीही जरा वेगळी असते, पण डावीकडून उजवीकडचा क्रम तोच.

म्हणून किती लेयर आहेत यावर त्यांच्याशी वाद घालू नका. जास्त लेयर म्हणजे जास्त चांगलं, असं काही नसतं. विचारायचं ते हे: शिकवताना कुठली फळं दाखवली, आणि प्रत कोणी ठरवली? आंबियाचं संत्रं ऑक्टोबर-नोव्हेंबरात तयार झालं तरी सालीवर हिरवट झाक राहते, मृगाचं फेब्रुवारी-मार्चमध्ये छान रंगतं. फक्त मृगाच्या मालावर शिकलेलं मशीन आंबियाचं गोड फळ रंगापायी खालच्या प्रतीत टाकेल, आणि आत कुठेही काही बिघडलेलं नसेल.

डेमोला त्यांचा माल चालवू देऊ नका. आपल्या शंकररावांकडून दोन क्रेट प्रत लावून घ्या, फळांना नंबर घाला, यादी खिशात ठेवा आणि मग ती क्रेट पट्ट्यावर सोडा. शक्यतो रविवारी ठेवा, म्हणजे मलाही येता येईल.

तुमचा,
निखिल