विघटकांना काम करू द्या

गणेशोत्सवाआधीच्या परिपाठासाठी भित्तिपत्रक
इयत्ता १० वी ब, विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २, प्रकरण ४ : पर्यावरणीय व्यवस्थापन

फलकावरचा मजकूर

विघटकांना काम करू द्या!

मातीत आणि पाण्यात जिवाणू आहेत, बुरशी आहे. मेलेलं, वाळलेलं, उरलेलं सगळं ते पुन्हा मातीत मिसळतात. त्यांना हवा लागते, ओल लागते आणि थोडा वेळ लागतो. आपण हे तिन्ही त्यांच्याकडून हिरावून घेतो.

१. ओला कचरा पिशवीत कोंडू नका.
बांधलेल्या पिशवीत हवा नाही. हवा नाही म्हणून खत नाही. तिथे तयार होतो वास आणि मिथेन वायू.

२. निर्माल्य नदीत सोडू नका.
एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम ८. फुलं कुजताना तोच संपतो. माशांसाठी काय उरतं?

३. वाळलेली पानं जाळू नका.
जाळली तर धूर होतो. साठवली तर खत होतं.

(तळाशी चित्र : एक भोकं पाडलेली बादली. तिच्यात डावीकडून भाजीची देठं येतात, वरून झेंडूची फुलं, उजवीकडून पिंपळाची पानं. बादलीच्या खालून एक तुळशीचं रोप वर आलेलं आहे.)

फलकाशेजारी उभं राहून वाचायचा मजकूर

आदरणीय मुख्याध्यापक सर, सर्व शिक्षक आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो, सुप्रभात.

बाईंनी आमच्या वर्गाला सांगितलं होतं की प्रकरण ४ चं भित्तिपत्रक करा, पण संदेश तीनच हवेत आणि पाचवीतल्या मुलालाही कळले पाहिजेत. त्या प्रकरणात परिसंस्था आहे, अन्नजाळी आहे, प्रदूषण आहे, कायदे आहेत, जैवविविधता आहे. पहिल्या कच्च्या कागदावर आमची अठरा वाक्यं झाली होती. ‘झाडे लावा’ होतं, ‘पाणी वाचवा’ होतं, ‘प्लास्टिक टाळा’ होतं. सगळं खरं होतं, पण असे फलक आपण दरवर्षी लावतो आणि चार दिवसांनी त्यांच्याकडे कोणी बघत नाही. मग आम्ही पुस्तक पुन्हा उघडलं आणि असा शब्द शोधला, की तो कळला तर बाकीचं बरंचसं आपोआप कळेल. तो शब्द म्हणजे विघटक. उत्पादक आणि भक्षक सगळ्यांना पाठ असतात. विघटक शेवटी येतात, म्हणून परीक्षेतही शेवटी आठवतात. पण ते एक वर्ष जरी थांबले, तर आपल्या शाळेच्या मैदानावर पडलेलं प्रत्येक पान तसंच पडून राहील आणि झाडांना मातीतून परत काही मिळणार नाही.

पहिला संदेश आम्ही करून बघितला. जुलैमध्ये प्रयोगशाळेमागे दोन गोष्टी ठेवल्या. एका काळ्या पिशवीत आमच्या डब्यांतली सालं, देठं आणि उरलेली पोळी भरून गाठ मारली. तेवढाच ओला कचरा दुसरीकडे एका भोकं पाडलेल्या बादलीत टाकला, पण त्यात प्रत्येक थरावर वाळलेली पानं घातली आणि दोन दिवसांआड काठीने हलवलं. तीन आठवड्यांनी पिशवी फुगली होती. गाठ सोडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला आणि तळाशी काळं पाणी साचलेलं होतं. बादलीत मात्र केळ्याची साल ओळखूच येत नव्हती. लिंबाची फोड तेवढी अजून लिंबासारखी दिसत होती, तिला जास्त वेळ लागतो. बादलीला पहिल्या पावसाचा वास येत होता. तो वास मातीतल्या एका प्रकारच्या जिवाणूंमुळे येतो, म्हणजे ते तिथे राहायला आले होते.

कचरा तोच होता. फरक मुख्यतः हवेचा. हवा मिळाली की एक प्रकारचे जिवाणू काम करतात आणि खत होतं. हवा नसली की दुसऱ्या प्रकारचे सूक्ष्मजीव वाढतात आणि मिथेन सोडतात. शंभर वर्षांचा हिशेब केला तर मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा २५ पटींहून अधिक उष्णता अडवून धरतो. आता आमची ती एक पिशवी मनात लाखो पटींनी मोठी करा, म्हणजे कचरा डेपो म्हणजे काय ते कळेल. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसला. तो वास, ती विहिरीत झिरपणारी घाण त्यांच्या वाट्याला आली आणि त्यांनी त्याविरुद्ध पुन्हा पुन्हा आंदोलनं केली. आपण गाठ मारून पिशवी दारात ठेवतो आणि आपल्यापुरता कचरा संपतो. त्यांच्यापुरता तो तिथून सुरू झाला होता.

आणखी एक. आपल्या दारी कचरा घ्यायला ज्या मावशी येतात, त्या मिसळलेली पिशवी हातांनी उघडून वेगळी करतात. ओला आणि सुका वेगळा देणं हा घनकचरा व्यवस्थापन नियमांचा भाग आहेच. पण नियम नसता तरी कोणाच्या तरी हातांसाठी आपण एवढं केलंच पाहिजे, असं आम्हाला वाटतं. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळे द्यायचे. हे सभेत बोलायचं की नाही यावर आमच्या वर्गात चर्चा झाली, आणि बोलायचंच असं ठरलं.

दुसरा संदेश माझ्या घरातला आहे, म्हणून तो मी मागून घेतला.

माझी आजी रोज सकाळी देवपूजा करते. आठवड्याची फुलं ती एका कापडी पिशवीत साठवायची आणि सोमवारी ओंकारेश्वरापाशी मुठेत सोडायची. लग्न होऊन पुण्यात आली तेव्हापासून तिचा हा नेम होता. मी तिला म्हटलं, “आजी, नदी घाण होते.” ती म्हणाली, “अगं, देवाची फुलं ती, त्यांनी कशी घाण होईल?” मला उत्तर देता आलं नाही. मग मी प्रकरणातलं विरघळलेल्या ऑक्सिजनचं गणित तिला सांगितलं. मासे पाण्यातला ऑक्सिजन घेतात. फुलं पाण्यात पडली की विघटक त्यांच्यावर तुटून पडतात, आणि त्यांनाही तोच ऑक्सिजन लागतो. माशांना जगायला एका लिटर पाण्यात निदान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो असं मानतात. चांगलं पाणी असलं तरी त्यात ८ च असतो. म्हणजे मधे उरला किती? चार मिलिग्रॅम. तोही शहराच्या सांडपाण्याने आधीच ओढून घेतलेला असतो. आपली मुठा खडकवासल्याच्या धरणातून निघते तेव्हाचं पाणी आणि संगमापाशी मुळेला भेटते तेव्हाचं पाणी, या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यात फुलांचा वाटा सांडपाण्याहून खूप लहान आहे, हे मी आजीला खरं खरं सांगितलं. पण सांडपाणी थांबवणं माझ्या हातात नाही आणि फुलं थांबवणं तिच्या हातात आहे. शिवाय नदीतून गेलेलं कुठे तरी पोचतंच. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमेचं पाणी उजनीत साठतं. तिथेही लोक राहतात, मासेमारी करतात.

आजी बराच वेळ गप्प होती. मग तिने एकच विचारलं, “पण फुलं कुणाच्या पायाखाली तर येणार नाहीत ना?” तेव्हा मला कळलं की तिला नदी नको होती, तिला मान हवा होता. वाहतं पाणी पवित्र आणि तिथे कोणी तुडवत नाही, एवढंच त्यामागे होतं. आता आमच्या गॅलरीत एक वेगळी कुंडी आहे, झाकणाची. तिच्यात फक्त निर्माल्य. आजी त्यात स्वतःच्या हाताने फुलं घालते, वर माती टाकते, आणि त्याचं खत तुळशीला घालते. दोरा, प्लास्टिकचे हार, चमकी ती आधी काढून ठेवते, कारण ते विघटकांना खाता येत नाही.

पुढच्या आठवड्यात गणपती येणार. घाटांवर निर्माल्य कलश असतील, विसर्जनाचे हौद असतील. ते वापरा. घरची मूर्ती शाडूची असेल तर ती बादलीतच विरघळते आणि ती माती पुन्हा कुंडीत येते. प्लास्टर ऑफ पॅरिसची आधीच आणली असेल तर तिच्यावरही उपाय आहे आणि तो आपल्या पुण्यातच शोधलाय. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवलं की अमोनियम बायकार्बोनेट घातलेल्या पाण्यात ती मूर्ती विरघळते. खाली उरतो कॅल्शियम कार्बोनेट आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट. अमोनियम सल्फेट हे खत म्हणून वापरतात. रसायनशास्त्राचं समीकरण एवढं कामाचं वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

तिसरा संदेश थोडक्यात. शिशिरात पानगळ होते, सोसायटीच्या कोपऱ्यात पानांचा ढीग होतो आणि कोणी तरी काडी लावतं. थंडीत पहाटेची गार हवा जमिनीलगत बसून राहते, धूर वर जात नाही. त्या धुरातले सगळ्यांत बारीक कण २.५ मायक्रोमीटरहूनही लहान असतात, आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहून बारीक. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात जातात. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये बंदी घातली आहे आणि दंड ५,००० रुपये आहे. पण दंडापेक्षा मला दुसरं वाईट वाटतं. पहिल्या प्रयोगातली आमची बादली पानांशिवाय चालत नाही. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, वाळलेल्या पानांत कार्बन जास्त, आणि विघटकांना दोन्ही लागतात. ज्या घरात ओला कचरा कोंडला जातो, त्याच इमारतीखाली त्याला हवी असलेली पानं जळत असतात.

म्हणून आमच्या वर्गाने ठरवलंय की आजपासून मैदानाच्या वडाखालची पानं झाडून प्रयोगशाळेमागे तारेच्या जाळीत साठवायची. ज्यांना घरी बादली सुरू करायची आहे, त्यांनी गुरुवारी मधल्या सुट्टीत कापडी पिशवी घेऊन यावं. प्रत्येकाला दोन ओंजळी पानं आणि आमच्या बादलीतलं मूठभर खत मिळेल. ते खत विरजणासारखं वापरायचं, त्यातच जिवाणू आहेत. भोकं पाडायला खिळा आणि मेणबत्ती लागेल, ती मोठ्यांच्या मदतीने वापरा. ज्यांना फुगलेल्या पिशवीचा वास घ्यायचा असेल, त्यांनी आठवीच्या जिन्याखालून यावं, आम्ही ती अजून टाकलेली नाही.

धन्यवाद.