सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी आबा नातवंडांशी बोलतात तेव्हा

बसा रे सगळे. सई, फोन ठेवू नकोस, हिशेबाला लागणार आहे.

1965 साली मी सांगलीच्या एस.टी. डेपोत कारकून म्हणून लागलो. पगार घरी आला की तुमची पणजी आधी पोस्टाचं पासबुक काढायची. त्यातले पैसे पहिले बाजूला, मग वाण्याची उधारी, मग बाकी सगळं. महिनाअखेरीला उरेल ते टाकू म्हणणारे डेपोत पुष्कळ होते. कुणाचं काही उरलेलं मी पाहिलं नाही. तुमची एसआयपी चालते तीही याच रीतीनं, तेव्हा पुढं जातो.

मला बोलायचंय ते व्याजाबद्दल. 72 ला व्याजदरानं भागा. जे उत्तर येईल तितक्या वर्षांत पैसे दुप्पट, ढोबळ मानानं. 1988 साली किसान विकास पत्र निघालं तेव्हा साडेपाच वर्षांत दुप्पट मिळायचे. चिन्मय, तुझ्या बाबाच्या इंजिनिअरिंगची फी त्यातूनच भरली. पीपीएफला तेव्हा 12 टक्के होते, म्हणजे सहा वर्षं. आता 7.1 आहेत, म्हणजे दहा. तेव्हा आमच्या पिढीनं नुसत्या एफडीवर भागवलं, म्हणून तुमचंही भागेल असं समजू नका.

आता हेच गणित कर्जाला लावा. सई, क्रेडिट कार्डाची थकबाकी महिना साडेतीन टक्के. भाग बघू 72 ला. वीस महिने आणि वर थोडे दिवस, बरोबर? तेवढ्यात उधारी दुप्पट. किमान रक्कम भरली की सुटलो, असं वाटतं. उरलेल्या रकमेवर मीटर चालूच असतो. महागाई 6 टक्के धरलीत, तर बारा वर्षांत कपाटातल्या शंभराच्या नोटेला पन्नासाचाच माल येतो.

कुणी दोन टक्के जादा देतो म्हणाला, तर ते कशाबद्दल देतो हे आधी विचारा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. आपल्या गल्लीतले दोघं जण निवृत्तीचे पैसे अशाच एका संस्थेत ठेवून वर्षानुवर्षं हेलपाटे घालत होते. एकाचं तर मुलीचं लग्न तोंडावर आलेलं.

मित्राला अडीनडीला पैसे द्या, बुडाले तरी चालतील एवढेच द्या. जामीन म्हणून सही मात्र नको. तो थकला की बँक तुमच्या दारात येते, आणि मैत्री तर त्याच्याआधीच गेलेली असते.

ओंकार, तुझं लग्न होऊन दोन वर्षं झाली. खात्याला नॉमिनी अजून आईच आहे ना? हसू नकोस. जेवणं झाली की अ‍ॅप उघड आणि माझ्यासमोर बदल. तुझ्या आईला मी सांगतो.