मयुरीच्या फोटोतलं गणित: लोखंडाचा ठोकळा, थंड पाणी आणि अंतिम तापमान

मयुरी, फोटो मिळाला. लाईन गेलेली असताना टॉर्चच्या उजेडात काढलेला दिसतो, त्यात वहीची घडी नेमकी एका आकड्यावर आली आहे. लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता तिथे 0.17 अशी वाचता येते, पण ती 0.11 आहे. पुस्तकातल्या तक्त्यात बघून घे. तुझी पुढची आकडेमोडही 0.11 धरूनच झाली आहे, म्हणजे वाचायला तू चुकली नाहीस.

गणित मला असं दिसतं:

400 ग्रॅम वस्तुमानाचा, 100 °C तापमानाचा लोखंडी ठोकळा 25 °C तापमानाच्या 200 ग्रॅम पाण्यात सोडला. पाणी 100 ग्रॅमच्या तांब्याच्या कॅलरीमापीत आहे. मिश्रणाचं अंतिम तापमान किती? (लोखंड 0.11, तांबे 0.095, पाणी 1 कॅलरी/ग्रॅम °C)

तुझं उत्तर 5.06 °C आलं आहे. इथेच पेन थांबायला पाहिजे होता. सगळ्यात थंड वस्तू 25 अंशांची, सगळ्यात गरम 100 ची, मग दोघी मिसळून 5 अंश काहून होतील? उत्तर 25 आणि 100 च्या मधेच पडलं पाहिजे. गुणाकार तपासायच्या आधी हे बघायचं, दरवेळी.

गुणाकार तुझे सगळे बरोबर आहेत. घसरलीस ती चिन्हात. तू लिहिलंस:

44 × (T − 100) = 209.5 × (T − 25)

T हा 100 पेक्षा कमी, म्हणून डावी बाजू ऋण. T हा 25 पेक्षा जास्त, म्हणून उजवी बाजू धन. ऋण संख्या धन संख्येएवढी कशी होईल? ठोकळ्याने गमावलेली उष्णता लिहायची तर मोठ्यातून लहान वजा कर, म्हणजे 100 − T. पाण्याने मिळवलेली लिहायची तर T − 25. कंसाकडे बघून ठरवू नकोस, कोण गरम होतं आणि कोण थंड होतं ते आधी ठरव.

आता पूर्ण मांडते. बाहेर उष्णता जात नाही असं गृहीत धरायचं, म्हणून:

ठोकळ्याने गमावलेली उष्णता = पाण्याने मिळवलेली + कॅलरीमापीने मिळवलेली

400 × 0.11 × (100 − T) = 200 × 1 × (T − 25) + 100 × 0.095 × (T − 25)

44 × (100 − T) = 200 × (T − 25) + 9.5 × (T − 25)

4400 − 44T = 209.5T − 5237.5

4400 + 5237.5 = 209.5T + 44T

9637.5 = 253.5T

T = 38.02 °C

म्हणजे अंतिम तापमान सुमारे 38 °C.

ताळा: ठोकळा 62 अंश उतरला, 44 × 62 = 2728 कॅलरी. पाणी आणि भांडं 13 अंश चढले, 209.5 × 13 = 2723.5 कॅलरी. T ची 38.02 ऐवजी गोल 38 किंमत घेतली म्हणून एवढा फरक, बाकी काही नाही.

तू फोटोखाली विचारलंस की लोखंड पाण्याच्या दुप्पट असून पाणी एवढंच कसं तापलं. प्रश्न फार चांगला आहे. 44 आणि 200 हे दोन आकडे बघ. त्या 400 ग्रॅम लोखंडाला एक अंश चढवायला 44 कॅलरी लागतात, 200 ग्रॅम पाण्याला 200. वजन दुप्पट असलं तरी लोखंडाची एका ग्रॅमची भूक पाण्याच्या जवळपास नवव्या हिश्शाएवढीच आहे. म्हणून लोखंडाला 62 अंश सोडावे लागले तेव्हा पाणी 13 अंश चढलं. 100 आणि 25 ची सरासरी 62.5 लिहून मोकळं होणारी मुलं वर्गात असतात, त्यांना हेच दाखव.

कॅलरीमापी विसरली असतीस तर 9400 ÷ 244 = 38.5 आलं असतं. फरक अर्ध्या अंशाचा, पण गणितात भांड्याचं वस्तुमान दिलं असेल तर ते घ्यायचंच, त्या पायरीला गुण असतात. ज्यूलमध्ये आलं तर घाबरू नको. 1 कॅलरी म्हणजे 4.18 ज्यूल, दोन्ही बाजू सारख्याच पटीने वाढतात आणि T तोच राहतो.

आता एक तू कर. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. समज तेच पाणी घेतलं आणि ते व कॅलरीमापी दोन्ही 40 °C आहेत, बाकी आकडे हेच. आधी नुसता अंदाज लिही, मग समीकरण मांड. उत्तर 50.4 °C च्या जवळ यायला पाहिजे. फोटो दिवसा काढ आणि वही सपाट धर.

— मावशी