मेकॅनिकल डिझाइन इंजिनिअर : पंप, गिअरबॉक्स आणि शीट मेटल

पुणे जिल्हा, चाकण परिसर. अनुभव ११ वर्षं. सध्या शेतीपंप बनवणाऱ्या कंपनीत सीनियर डिझाइन इंजिनिअर.

मी ओतकामातून आणि पत्र्यातून तयार होणारी उत्पादनं डिझाइन करते. मॉडेल, ड्रॉइंग, पहिला नमुना, चाचणी आणि मग उत्पादन नीट सुरू होईपर्यंतचं सगळं माझ्याकडे असतं. कुठलं माप आवळायचं आणि कुठलं मोकळं सोडायचं हे ठरवणं, हा माझ्या कामातला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा भाग. सुट्या भागाची किंमत बरीचशी तिथेच ठरते. खरेदी विभागाच्या हाती त्यानंतर फारसं उरत नाही.

साधनं

रोजचं काम सॉलिडवर्क्सवर. आधीच्या नोकरीत चार वर्षं क्रिओ वापरलं आहे, आजही सहज वापरते. जुन्या ड्रॉइंगसाठी ऑटोकॅड. ताण आणि कंपन तपासायला अ‍ॅन्सिस. टॉलरन्स स्टॅक-अप मात्र मी आजही एक्सेलमध्येच मांडते, कारण ती शीट क्वालिटीवाल्यांना आणि व्हेंडरला उघडून वाचता येते.

मोनोब्लॉक पंपाचं केसिंग (२०१९ ते २०२१)

५ एचपीचा शेतीपंप. उत्पादन वर्षाला साधारण २४,००० नग. केसिंग राखाडी बिडाचं, वजन १४.२ किलो, भिंत सगळीकडे ९ मिमी. मूळ ड्रॉइंग बरंच जुनं होतं आणि प्रत्येक तक्रारीनंतर त्यावर एकेक बंधन चढत गेलं होतं. अकरा पृष्ठभागांवर मशिनिंग होत होतं, पण त्यातल्या पाचांना दुसरा कुठलाच भाग टेकत नव्हता.

भिंत ७ मिमीवर आणली. पाणी बाहेर पडायच्या तोंडापाशी, व्हॉल्युटच्या जिभेजवळ, जुनी जाडी तशीच ठेवली, कारण विश्लेषणात सगळा ताण तिथेच गोळा होत होता. फाउंड्रीत बसून कोअरचे आधार बदलून घेतले. नाहीतर पातळ भिंतीत कोअर सरकतो आणि एक बाजू ७ ची ५ होते. पहिल्या लॉटमधले नग कापून भिंती मोजल्या, मगच पॅटर्न पक्का केला. दीडपट दाबाची पाण्याची चाचणी प्रत्येक नगाला लागू आहे, ती तशीच ठेवली.

नव्या केसिंगचं वजन १२.६ किलो. मशिनिंग १४ मिनिटांवरून साडेनऊ मिनिटांवर आलं. ओतकामाचा दर ९२ रुपये किलो आणि मशीनचा तासाचा दर ४५० रुपये धरला, तर नगामागे सुमारे १८० रुपये वाचले. वर्षाचे होतात ४३ लाख. पॅटर्न आणि फिक्स्चरच्या बदलाला लागलेले ३ लाख ८० हजार यातून वजा केलेले नाहीत.

याच पंपात एका मापाला मी हात लावू दिला नाही. इम्पेलरची मान आणि वेअर रिंग यांच्यातली फट व्यासावर ०.३० ते ०.४० मिमी. ती वाढली की बाहेर ढकललेलं पाणी आतल्या आत परत सक्शनकडे वळतं. मोटर तेवढीच वीज खाते आणि शेतात पाणी कमी पोचतं. तिथली टॉलरन्स सैल केली असती तर नगामागे आणखी दहा-बारा रुपये सुटले असते. पण पंपाची कार्यक्षमता त्या फटीवर उभी आहे, म्हणून ते पैसे सोडून दिले.

रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स (२०१४ ते २०१८, कोल्हापूर)

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली शेती अवजारांची कंपनी, ही माझी पहिली नोकरी. बेअरिंग 6208, म्हणजे घराचा बोअर ८० मिमी. ड्रॉइंगवर H6 होतं, म्हणजे सगळी मुभा १९ मायक्रॉनची. तेवढ्यासाठी प्रत्येक घर बोअरिंगनंतर होनिंगला जायचं. इथे शाफ्ट फिरतो आणि बाहेरची रिंग स्थिर राहते, तेव्हा H7 पुरतं. मुभा ३० मायक्रॉनची झाली आणि होनिंग बंद झालं. समोरासमोरचे दोन्ही बोअर एकाच सेटिंगमध्ये काढायची अट त्याच वेळी घातली, कारण इथे व्यासापेक्षा दोन्ही बोअर एका रेषेत असणं जास्त मोलाचं आहे. नगामागे ६२ रुपये कमी झाले.

याच गिअरबॉक्सवर मी १८ रुपये वाढवलेही आहेत. ऑइल सील बसतो त्या जागी शाफ्ट नुसता टर्न केलेला असायचा. टूलच्या बारीक आट्या शाफ्टवर राहतात आणि शाफ्ट फिरला की त्या तेल बाहेर ओढतात. तिथे प्लंज ग्राइंडिंग घातलं, Ra ०.८ च्या आत. पुढच्या हंगामात गळतीच्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या. चिखलात चालणाऱ्या अवजाराचा गिअरबॉक्स तेल संपून जळाला, तर त्या वॉरंटीच्या खर्चापुढे हे १८ रुपये काहीच नाहीत.

सौर पंपाच्या कंट्रोलरची पेटी (२०२२ पासून)

कुसुम योजनेनंतर या पेट्यांची मागणी एकदम वाढली. पेटी वर्षभर उन्हापावसात, शेतात उभी असते. पत्रा १.६ वरून १.२ मिमीवर आणला आणि कडांना दुहेरी घडी देऊन ताठपणा परत मिळवला. स्क्रू २३ होते, ते ९ झाले. जोडणीचा वेळ ३१ मिनिटांवरून १९ वर आला. दाराच्या कडेचा सपाटपणा १ मिमीच्या आत, कारण गॅस्केट सगळीकडे सारखी दबली नाही तर पाणी आत शिरतं. बाकी बहुतेक मापं ±०.५ वर मोकळी सोडली आहेत आणि ब्रेक प्रेसवाला माझ्यावर खूश आहे.

काम करायची पद्धत

ड्रॉइंग प्रसिद्ध करण्याआधी ते करणाऱ्या माणसाला दाखवते. मोल्डर, टर्नर, वेल्डर, जो कोणी असेल तो. ‘ताई, हे होईल, पण रोज होणार नाही’ असं उत्तर आलं तर ते टॉलरन्स बदलायचं. जॉमेट्रिक टॉलरन्सिंग वापरते, पण चिन्हं मोजकीच. व्हेंडरकडे ज्याचं गेज नाही किंवा जे मोजायला सीएमएम नाही, ते चिन्ह ड्रॉइंगवर लिहिलं तरी कोणी तपासत नाही. हाताखाली तीन ज्युनिअर इंजिनिअर आहेत. त्यांची पहिल्या सहा महिन्यांतली सगळी ड्रॉइंग मी स्वतः तपासते.

प्लॅस्टिक मोल्ड डिझाइन मी केलेलं नाही. इम्पेलरचं हायड्रॉलिक डिझाइन आमच्याकडे वेगळी टीम करते. मला त्यांचे आकडे वाचता येतात, पण ते काम माझं म्हणून सांगणार नाही.

शिक्षण आणि भाषा

कोल्हापूरच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकल डिप्लोमा, त्यानंतर शिवाजी विद्यापीठाची बी.ई., २०१४. मराठी, हिंदी, इंग्रजी. शॉप फ्लोअरवर मराठीच.

सध्या

पंप, कॉम्प्रेसर किंवा शेती अवजारं बनवणाऱ्या कंपनीत डिझाइन लीडची जागा शोधते आहे. पुणे, कोल्हापूर किंवा सांगली चालेल. ज्या कारखान्यात डिझाइन ऑफिस आणि मशीन शॉप एकाच आवारात आहेत, तिथे पहिली पसंती. नोटीस दोन महिन्यांची. आताच्या कंपनीची ड्रॉइंग गोपनीय आहेत, ती दाखवता येणार नाहीत. कामाचा नमुना म्हणून स्वतः बनवलेलं एका गिअरबॉक्सचं पूर्ण मॉडेल, त्याचं ड्रॉइंग आणि स्टॅक-अप शीट मुलाखतीला सोबत आणेन. त्यातल्या कुठल्याही मापावर बोट ठेवून ‘हे एवढंच का?’ असं जरूर विचारा.