अंतिम सूचना : थकीत रकमेमुळे 'काटावही' सॉफ्टवेअरची सेवा 22 जानेवारी 2026 रोजी स्थगित होणार

पाटचारी सॉफ्टवेअर, जळगाव
दिनांक : 5 जानेवारी 2026
जावक क्रमांक : वसुली/25-26/041
स्पीड पोस्टाने पोचपावतीसह, तसेच ईमेल व व्हॉट्सॲपवर

प्रति,
मा. व्यवस्थापकीय भागीदार,
गिरणाई जिनिंग अँड प्रेसिंग,
धरणगाव, जि. जळगाव

स. न. वि. वि.

आपल्या फर्मकडे 'काटावही' सेवेचे रु. 76,170 थकले आहेत. ही रक्कम बुधवार, 21 जानेवारी 2026 पर्यंत आमच्या खात्यात जमा झाली नाही, तर गुरुवार, 22 जानेवारी 2026 रोजी रात्री 9 वाजता आपली सेवा स्थगित होईल. 18 नोव्हेंबर, 8 डिसेंबर आणि 22 डिसेंबर 2025 रोजी आम्ही स्मरणपत्रे पाठवली होती. करारातील कलम 9.3 प्रमाणे स्थगितीपूर्वी 15 दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. ती हीच. यानंतर वेगळे स्मरणपत्र येणार नाही.

करारानुसार 20 तारखेलाच सेवा थांबवता आली असती. परंतु डिसेंबरचे जीएसटीआर-1 11 जानेवारीला आणि जीएसटीआर-3बी 20 जानेवारीला भरायचे आहे. ते आमच्यामुळे अडू नये म्हणून दोन दिवस पुढची तारीख घेतली आहे. रात्रीची वेळ घेण्याचे कारण आपला काटा. दिवसा सेवा थांबवली तर भरलेल्या गाडीचे वजन नोंदलेले आणि रिकाम्या गाडीचे बाकी, अशा अर्धवट पावत्या अडकतात आणि त्याचा त्रास आपल्याआधी फाटकात उभ्या शेतकऱ्याला होतो.

थकबाकीचा तपशील

| बिल क्रमांक व तारीख | कशासाठी | बिलाची रक्कम (18% जीएसटीसह) | देय तारीख | बाकी |
|---|---|---|---|---|
| 0187, 1 जुलै 2025 | जुलै ते सप्टेंबर वर्गणी | 42,480 | 31 जुलै 2025 | 22,480 |
| 0304, 1 ऑक्टोबर 2025 | ऑक्टोबर ते डिसेंबर वर्गणी | 42,480 | 31 ऑक्टोबर 2025 | 42,480 |
| 0331, 14 ऑक्टोबर 2025 | दुसऱ्या वजनकाट्याची जोडणी | 11,210 | 13 नोव्हेंबर 2025 | 11,210 |
| | | | एकूण | 76,170 |

पहिल्या बिलापोटी 9 सप्टेंबरला मिळालेले रु. 20,000 वजा केले आहेत. जानेवारी ते मार्चचे बिल (रु. 42,480) 1 जानेवारीला निघाले आहे. त्याची मुदत 31 जानेवारी असल्याने ते या सूचनेत धरलेले नाही.

पैसे अडण्याचे एक कारण आम्हाला दिसते. आपल्या बँकेतून होणारी आपोआप कपात 5 नोव्हेंबर आणि 5 डिसेंबर, दोन्ही वेळा 'खाते बंद' या शेऱ्याने परत आली. चालू खाते बदलले असेल तर जुना मँडेट नव्या खात्यावर आपोआप जात नाही; नवा मँडेट सही करून द्यावा लागतो. मात्र तो मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून या वेळची रक्कम मँडेटवर सोडू नका. थेट भरा.

टीडीएस कापला असेल तर तो जीएसटी सोडून मूळ रकमेवर कापलेला असावा. चलनाचा तपशील पाठवा, तेवढी रक्कम आम्ही बाकीतून कमी करू. दरवर्षी काही ग्राहकांच्या खात्यात जो फरक राहतो, तो बहुधा जीएसटीसह रकमेवर टीडीएस कापल्यामुळे असतो.

बिल 0331 बद्दल आपल्या कार्यालयातून फोनवर तक्रार आली होती, की दुसऱ्या काट्याचा कॅमेरा गाडीचा नंबर टिपत नाही. 3 नोव्हेंबरला तो दुरुस्त झाला आणि काम झाल्याच्या पावतीवर आपल्या काटा-कारकुनांची सही आहे. तरीही हरकत असेल तर 15 जानेवारीपर्यंत लेखी कळवा आणि उरलेले रु. 64,960 भरा. वादातल्या रु. 11,210 साठी सेवा थांबवणार नाही. फोनवरची हरकत मात्र धरली जाणार नाही.

22 जानेवारीच्या रात्रीपासून काय थांबेल, काय चालेल

नवी काटा-पावती, शेतकरी खरेदी बिल, गाठी व सरकीचे विक्री बिल, आमच्या जोडणीतून निघणारे ई-वे बिल व ई-इन्व्हॉइस, शेतकऱ्यांना जाणारे एसएमएस आणि पेमेंटसाठी बँकेत चढवायची फाईल, हे सर्व बंद होईल. वजनकाटा बंद पडणार नाही. डिस्प्लेवर वजन नेहमीसारखे दिसेल, फक्त ते संगणकात उतरणार नाही. म्हणून हाताने लिहायची पावती-पुस्तके आधीच छापून ठेवा.

मालक आणि हिशोबनीस हे दोन लॉगिन 21 फेब्रुवारी 2026 पर्यंत फक्त पाहण्यासाठी आणि अहवाल उतरवण्यासाठी चालू राहतील. काटा-कारकून आणि गोदामाचे लॉगिन बंद होतील. रोजचा बॅकअप या काळात चालूच राहील. 22 फेब्रुवारीपासून सर्व लॉगिन बंद होतील, पण डेटा 22 मे 2026 पर्यंत आमच्याकडे जपलेला असेल. लेखी मागितल्यास त्याची प्रत मिळेल, थकबाकी असली तरी. डेटा आपला आहे. वसुलीसाठी आम्ही तो ओलीस ठेवत नाही. 22 मेनंतर तो पुसण्यापूर्वी 15 दिवस आधी आणखी एक पत्र येईल.

ही प्रत घ्याच. जीएसटी कायद्यानुसार हिशोबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने ठेवावी लागतात. 2025-26 च्या बाबतीत ती मुदत डिसेंबर 2032 पर्यंत जाते, आणि ती जबाबदारी करदात्याची आहे, सॉफ्टवेअरवाल्याची नाही.

पैसे भरणार असाल तरी हे करून ठेवा

सगळ्यात जास्त गोंधळ ई-वे बिलाचा होतो, म्हणून ते आधी. आमच्या सॉफ्टवेअरमधला जोडणीचा पासवर्ड वेगळा आणि सरकारी पोर्टलचा पासवर्ड वेगळा. दोन-तीन हंगाम सगळी बिले सॉफ्टवेअरमधूनच निघाल्यामुळे पोर्टलचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. तो बदलायला जावे तर ओटीपी कधीच काम सोडून गेलेल्या हिशोबनिसाच्या मोबाईलवर जातो. आजच `ewaybillgst.gov.in` आणि `einvoice1.gst.gov.in` या दोन्ही ठिकाणी लॉगिन करून पाहा. नोंदलेला मोबाईल जुना असेल तर तो बदलण्याचे काम आत्ता करा. गाठींची गाडी भरून उभी राहिल्यावर हे सुचून उपयोग नाही.

आधी निघालेली ई-वे बिले वैध राहतात, कारण ती सरकारी पोर्टलवर असतात. पण वाटेत गाडी बदलली, किंवा लांबच्या सूतगिरणीकडे निघालेल्या गाडीची मुदत वाढवायची झाली, तर ते पोर्टलवरूनच करावे लागेल. मुदतवाढ मुदत संपण्याच्या आधीचे 8 तास आणि नंतरचे 8 तास एवढ्यातच मिळते. चुकीचे बिल रद्द करायला 24 तास असतात.

22 तारखेला संध्याकाळी काटा बंद करण्यापूर्वी 'अपूर्ण वजन' ही यादी रिकामी करा. जी गाडी रात्री मुक्कामी राहणार, तिची पावती रद्द करून कागदावर घ्या.

डेटा उतरवण्याचा मार्ग असा : अहवाल → डेटा प्रत → आर्थिक वर्ष 2025-26 → एक्सेल आणि पीडीएफ दोन्ही. यात शेतकरी देणे यादी, खरेदी नोंदवही, गाठींचा साठा, विक्री नोंदवही आणि बँक नोंदी आल्या पाहिजेत. शेतकऱ्यांकडून घेतलेल्या कापसावर कर आपल्याला उलट आकारणीने भरावा लागतो आणि त्यासाठीची स्व-बिले खरेदी नोंदींवरूनच बनतात, म्हणून खरेदी नोंदवही गावनिहाय नव्हे तर तारीखनिहाय उतरवा. सीए लोकांना तीच लागते. टॅलीची फाईल वेगळ्या बटणावर आहे. काट्याचे फोटो शेवटी आणि रात्री उतरवा. ती फाईल मोठी असते. पेनड्राइव्ह FAT32 पद्धतीचा असेल तर 4 जीबीहून मोठी एक फाईल त्यावर बसत नाही आणि कॉपी अर्ध्यात तुटते. त्यापेक्षा महिनावार फोटो घ्या.

बंदच्या काळात हाताने बिले करायची वेळ आली तर वेगळी मालिका वापरा, उदा. `H/25-26/001`. सॉफ्टवेअरचाच पुढचा क्रमांक हाताने चालवला, की सेवा सुरू झाल्यावर तोच क्रमांक पुन्हा पडतो आणि ई-इन्व्हॉइस नाकारले जाते.

पैसे कसे भरायचे

बिलावर छापलेल्या खात्यात एनईएफटी किंवा आरटीजीएसने भरा आणि यूटीआर क्रमांक बिलावरच्या ईमेलवर पाठवा. धनादेश दिलात तर तो 19 जानेवारीपर्यंत आमच्याकडे पोचावा. वटल्यावरच रक्कम जमा धरू. आमचे बँक खाते बदललेले नाही. 'खाते बदलले आहे' असा कोणताही मेल किंवा संदेश आला तर पैसे न भरता आधी बिलावरच्या क्रमांकावर फोन करून खात्री करा.

हंगामात पैसा कापसात अडकतो, हे या भागात कोणाला सांगायला नको. एकदम भरणे जमत नसेल तर 21 जानेवारीपर्यंत रु. 38,000 आणि 20 फेब्रुवारीपर्यंत रु. 38,170 असे दोन हप्ते आम्हाला चालतील. त्यासाठी 16 जानेवारीपर्यंत फर्मच्या लेटरहेडवर दोन ओळींचे पत्र पुरे. दुसरा हप्ता चुकला तर त्याच रात्री, नव्या सूचनेशिवाय, सेवा थांबेल.

स्थगितीनंतर पण 21 फेब्रुवारीपूर्वी पूर्ण रक्कम आली, तर कामाच्या चार तासांत सेवा पूर्ववत होईल. पुन्हा सुरू करण्याचे शुल्क रु. 2,000 अधिक जीएसटी, म्हणजे रु. 2,360. सात दिवसांपेक्षा जुन्या तारखेच्या काटा-नोंदी घालायला मालकांच्या लॉगिनमधून परवानगी द्यावी लागेल.

आपल्या सीएंना दाखवावे असे

बिल 0187 ला 28 डिसेंबर 2025 रोजी 180 दिवस पूर्ण झाले. जीएसटी नियम 37 प्रमाणे न भरलेल्या रकमेच्या प्रमाणातले क्रेडिट, येथे सुमारे रु. 3,429, व्याजासह परत करावे लागते. पैसे भरल्यावर ते पुन्हा घेता येते. बिल 0304 ची हीच मुदत 30 मार्च 2026 ला संपते.

दुसरे, आमची संस्था उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म उद्योग आहे. आयकर कायद्याच्या कलम 43बी(एच) नुसार मुदत उलटलेली ही बिले 31 मार्च 2026 पर्यंत भरली नाहीत, तर हा खर्च या वर्षाच्या उत्पन्नातून वजा मिळणार नाही, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी मिळेल. एमएसएमईडी कायदा 2006 प्रमाणे उशिराच्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज लागते. 21 जानेवारीपर्यंत पूर्ण रक्कम आल्यास, किंवा वरील हप्ते ठरल्याप्रमाणे आल्यास, आम्ही ते मागणार नाही. त्यानंतर व्याजाचा आणि सुविधा परिषदेकडे जाण्याचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत.

रक्कम या पत्रापूर्वीच भरली असेल तर यूटीआर पाठवा. त्याच दिवशी ही सूचना मागे घेऊन तसे लेखी कळवू.

आपला विश्वासू,

प्रमुख, लेखा व वसुली विभाग
पाटचारी सॉफ्टवेअर, जळगाव

सोबत : तीन बिलांच्या प्रती, खातेउतारा, 3 नोव्हेंबरच्या कामाची सहीची पावती, नव्या मँडेटचा अर्ज